प्रीवेडिंग फोटोंना आपल्या दोघांचीच वाटेल अशी कॅप्शन आणि हॅशटॅग कसा शोधायचा

माझ्या मावसबहिणीचं शूट ठाण्यात उपवन तळ्यावर झालं, फोटो मस्त आले, पण कॅप्शन काय तर "दोन जीव, एक प्रवास" आणि खाली वीसेक हॅशटॅग. मी तिला म्हटलं, हीच ओळ दुसऱ्या कुठल्याही जोडीच्या फोटोखाली चिकटव, चालते ना? मग ती तुमची नाही.

तर पहिलं काम म्हणजे फोटो बाजूला ठेवा आणि दोघांचं जुनं चॅट उघडा, अगदी सुरुवातीच्या महिन्यांचं, आणि सारखं सारखं येणारं वाक्य शोधा. हिच्या चॅटमध्ये सापडलं "दहा नंबरवर भेटू". झालं असं की ती घणसोलीला लोकलमध्ये चढायची, तो ऐरोलीला, ती लेडीज डब्यात, तो जनरलमध्ये, त्यामुळे भेट व्हायची ती थेट ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर, जिन्याखाली. तीन वर्षं हेच चाललं होतं!

आता फोटो निवडा. गाऊन उडतोय तो ड्रोनवाला नको, ती त्याची कॉलर नीट करतेय तो घ्या, कारण रोजच्या भेटीची गोष्ट रोजच्यासारख्या फोटोवरच बसते. आणि फोटोत जे दिसतंय ते कॅप्शनमध्ये परत सांगू नका, तळं दिसतंय ना सगळ्यांना. आम्ही शेवटी लिहिलं ते असं:

"तीन वर्षं रोज एकच मेसेज, दहा नंबरवर भेटू. आज उपवनला आलो तरी हा जिन्याखालीच थांबला असता."

इन्स्टावर कॅप्शनची सुरुवातच दिसते, बाकीचं दाबल्यावर उघडतं, म्हणून खरी गोष्ट पहिल्याच वाक्यात हवी, फोटोग्राफरचं नाव वगैरे सगळ्यात खाली. लिहून झालं की मोठ्याने वाचा, आत्यासमोर बोलताना जीभ अडखळली तर तो शब्द काढा.

हॅशटॅग त्याच वाक्यातून काढा, #दहानंबरवरभेटू. नावं जोडून केलेला टॅग बहुतेक वेळा आधीच कुणीतरी वापरलेला असतो, म्हणून कुठलाही टॅग ठरवण्याआधी सर्च करून बघा. मध्ये स्पेस, टिंब किंवा डॅश टाकला की टॅग तिथेच तुटतो. रोमनमध्ये लिहिला तर कोणी number लिहिणार, कोणी nambar, आणि फोटो दोन टॅगांत विभागले जाणार, म्हणून देवनागरीच बरं, तरी भेटू आणि भेटु होतंच, त्यामुळे फॅमिली ग्रुपवर टाकून सगळ्यांना कॉपी पेस्ट करायला सांगा. ज्यांचं अकाउंट प्रायव्हेट आहे त्यांच्या पोस्ट टॅगवर सगळ्यांना दिसणार नाहीत, हे आधीच लक्षात ठेवा म्हणजे नंतर शोधाशोध नको. असा एक स्वतःचा टॅग आणि फार तर एक उपवनचा, एवढे पुरे.

पोस्ट करण्याआधी एकदा जोडीदाराला वाचायला द्या, त्याला नको असलेली आठवण असेल तर ती काढाच. आणि अकाउंट पब्लिक असेल तर लग्नाची तारीख आणि हॉल कॅप्शनमध्ये नको, त्या दिवशी घराला कुलूप असणार हे अनोळखी लोकांना कशाला कळवायचं, पत्रिका व्हॉट्सअॅपवर वेगळी पाठवा.