गोड खायचंय? जेवणासोबतच उरका

गोड पेयाची बाटली समोर ठेवून दोन तास घोट-घोट पिणं दातांना महागात पडतं. तीच बाटली जेवताना संपवली तर नुकसान बरंच कमी. साखर पोचली की दातांवरच्या चिकट थरातले जंतू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. आम्लामुळे तिथला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते, पण त्याला अर्धा-एक तास लागतो. दर २० मिनिटांनी घोट घेतला तर तिला ती सवड मिळतच नाही, मग एकूण साखर थोडी का असेना.

म्हणून मधल्या वेळेत फक्त पाणी प्या. चघळायच्या गोड गोळ्या तर गोड पेयाहून वाईट. आणि झोपण्याआधी गोड नकोच, झोपेत लाळ फार कमी सुटते.