गुरुत्वाकर्षणाच्या गणितातील r : या चुका टाळा

गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात सूत्रे मोजकीच आहेत आणि बहुतेक विद्यार्थ्यांना ती पाठही असतात. तरीही उत्तरपत्रिका तपासताना असे दिसते की सूत्र बरोबर लिहिलेले असते, आकडेमोडही नेटकी असते आणि उत्तर मात्र चुकलेले असते. अशा चुकांचा माग काढत गेले, तर बहुतेक वेळा त्या एकाच अक्षरापाशी येऊन थांबतात. ते अक्षर म्हणजे r. गुरुत्वाकर्षणाच्या नियमात, परिभ्रमण वेगाच्या सूत्रात आणि मुक्तिवेगाच्या सूत्रात r हेच अक्षर येते आणि केप्लरच्या तिसऱ्या नियमातही पुष्कळदा तेच लिहिले जाते. परंतु प्रत्येक ठिकाणी ते कोणते अंतर दाखवते, हे थांबून पाहिले जात नाही. पुढील सर्व चुका एकाच उपग्रहाच्या उदाहरणावरून पाहू.

उदाहरण असे आहे : पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ४०० किलोमीटर उंचीवरून एक उपग्रह वर्तुळाकार कक्षेत फिरत आहे. पृथ्वीची त्रिज्या R ६४०० किलोमीटर आणि GM = 4 × 10¹⁴ m³/s² घेऊन त्याचा परिभ्रमण वेग आणि आवर्तकाल काढायचा आहे.

उंची आणि अंतर

प्रश्नात दिलेली संख्या ४०० किलोमीटर ही उंची आहे, तर सूत्रातील r हे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर आहे. गोलाकार वस्तुमान बाहेरच्या वस्तूला असे आकर्षित करते, की जणू त्याचे सगळे वस्तुमान केंद्रबिंदूशी एकवटलेले आहे; म्हणून r नेहमी केंद्रापासून मोजावा लागतो आणि येथे तो r = R + h, म्हणजे ६८०० किलोमीटर, अर्थात 6.8 × 10⁶ मीटर इतका येतो. ही किंमत v = √(GM/r) या सूत्रात घातली की वेग सेकंदाला सुमारे ७६७० मीटर, म्हणजे ७.६७ किलोमीटर मिळतो आणि T = 2πr/v यावरून आवर्तकाल ५५७० सेकंद, म्हणजे जवळजवळ ९३ मिनिटे येतो.

आता r च्या जागी नुसती उंची घातली तर काय होते ते पाहा. √(4 × 10¹⁴ / 4 × 10⁵) याचे उत्तर सेकंदाला सुमारे ३१.६ किलोमीटर येते. हे उत्तर चुकीचे आहे हे ओळखण्यासाठी पुन्हा गणित करण्याची गरज नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील मुक्तिवेगच सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे, त्यामुळे त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाणारी वस्तू पृथ्वीभोवती फिरत राहणे शक्यच नाही. पृथ्वीच्या कोणत्याही उपग्रहाचा वर्तुळाकार कक्षेतील वेग सेकंदाला ७.९ किलोमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही, कारण ७.९ हा वेग पृष्ठभागाला अगदी लागून असलेल्या कक्षेचा आहे आणि r जसजसा वाढतो तसतसा वेग कमी होत जातो. किलोमीटरचे मीटर करायला विसरल्यास उत्तर याहूनही अवाढव्य, सेकंदाला सुमारे २४२ किलोमीटर येते; तीही चूक याच कसोटीने लगेच उघडी पडते.

भाषेमुळे होणारी एक चूक येथेच सांगितली पाहिजे. 'पृष्ठभागापासून पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवर' असे प्रश्नात म्हटले असेल, तर r = 2R होतो आणि तेथील गुरुत्व त्वरण पृष्ठभागावरील त्वरणाच्या एक चतुर्थांश असते. 'केंद्रापासून त्रिज्येइतक्या अंतरावर' याचा अर्थ मात्र पृष्ठभागावरच असा आहे. दोन्ही वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत, म्हणून 'पासून' या शब्दाआधी काय आले आहे ते अधोरेखित करावे.

पृष्ठभागावरचा g कक्षेत नेणे

काही विद्यार्थी v = √(gr) हे सूत्र वापरतात. ते चुकीचे नाही, पण त्यातील g हा त्या उंचीवरचा असावा लागतो. वरील उदाहरणात r बरोबर ६८०० किलोमीटर घेऊन g मात्र ९.८ घेतला, तर वेग सेकंदाला ८.१६ किलोमीटर येतो. ही चूक जास्त फसवी आहे, कारण उत्तर अवास्तव दिसत नाही; पण ७.९ ही मर्यादा लक्षात असेल तर ८.१६ ही संख्या खटकायला हवी. ४०० किलोमीटर उंचीवर g = GM/r² यावरून गुरुत्व त्वरण ८.६५ m/s² येते आणि ते वापरले की वेग पुन्हा ७.६७ मिळतो.

या ८.६५ कडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. कक्षेतील अंतराळवीर वजनरहित असतात म्हणून तेथे गुरुत्वाकर्षण नसते, असे विधान सैद्धांतिक प्रश्नांच्या उत्तरांत वारंवार वाचायला मिळते. प्रत्यक्षात तेथे पृष्ठभागावरच्या सुमारे ८८ टक्के त्वरण शिल्लक असते. अंतराळवीर आणि त्याचे यान दोघेही एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असल्यामुळे यानाचा तळ त्याच्या पायांवर दाब देत नाही, एवढाच वजनरहित अवस्थेचा अर्थ आहे. गुरुत्वाकर्षण नसते, तर उपग्रह वळलाच नसता, सरळ रेषेत निघून गेला असता.

लंबवर्तुळाकार कक्षा

आता याच उपग्रहाचे इंजिन थोडा वेळ गतीच्या दिशेने चालवून त्याचा वेग वाढवला आणि त्याची कक्षा लंबवर्तुळाकार झाली असे समजू. पृथ्वीच्या सर्वांत जवळचा बिंदू, म्हणजे उपभू, केंद्रापासून ६८०० किलोमीटरवरच राहिला आणि सर्वांत दूरचा बिंदू, म्हणजे अपभू, १०,२०० किलोमीटरवर गेला. दोन्ही बिंदूंवरचे वेग विचारले असता √(GM/r) हेच सूत्र दोनदा वापरले जाते आणि ७.६७ व ६.२६ अशी उत्तरे येतात. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ते सूत्र गुरुत्वाकर्षण बल आणि अभिकेंद्री बल mv²/r यांची बरोबरी करून मिळाले आहे आणि त्यातील r ही वर्तुळाची त्रिज्या आहे. लंबवर्तुळावर ग्रहापासूनचे अंतर आणि कक्षेची वक्रता त्रिज्या या दोन वेगळ्या राशी असतात.

येथे ऊर्जेच्या अक्षय्यतेतून मिळणारे सूत्र वापरावे लागते :

v² = GM (2/r − 1/a)

यात r हे त्या क्षणीचे केंद्रापासूनचे अंतर आणि a हा अर्धदीर्घाक्ष आहे. अर्धदीर्घाक्ष ६८०० आणि १०,२०० यांची सरासरी, म्हणजे ८५०० किलोमीटर येतो. किमती घातल्यावर उपभूपाशी वेग सेकंदाला ८.४० किलोमीटर आणि अपभूपाशी ५.६० किलोमीटर मिळतो. उपभूपाशी वेग ७.९ च्या वर गेला म्हणून गोंधळू नये, कारण ती मर्यादा फक्त वर्तुळाकार कक्षेसाठी होती.

उत्तर पडताळण्यासाठी केप्लरचा दुसरा नियम हाताशी आहे. समान कालावधीत समान क्षेत्रफळ व्यापले जाते याचा अर्थ या दोन बिंदूंवर अंतर आणि वेग यांचा गुणाकार सारखा असला पाहिजे. ६८०० गुणिले ८.४० आणि १०,२०० गुणिले ५.६० हे दोन्ही गुणाकार ५७,१२० येतात, तर चुकीच्या पद्धतीने आलेल्या ७.६७ आणि ६.२६ यांचे गुणाकार जुळत नाहीत. हा साधा गुणाकार फक्त उपभू आणि अपभू या दोनच बिंदूंवर चालतो, कारण तेथे वेग त्रिज्येला लंब असतो. कक्षेत इतरत्र वेगाचा त्रिज्येला लंब असलेला घटकच घ्यावा लागतो. तसेच नियमात समान क्षेत्रफळ म्हटले आहे, समान कोन किंवा समान कंस नव्हे.

तिसऱ्या नियमातील अंतर

लंबवर्तुळाकार कक्षेचा आवर्तकाल विचारला, तर r कोणता घ्यायचा? ना ६८००, ना १०,२००. केप्लरच्या तिसऱ्या नियमात अर्धदीर्घाक्ष येतो, म्हणून ८५०० घ्यावे. वर्तुळाकार कक्षेचा आवर्तकाल ९३ मिनिटे माहीत असल्याने नवा काल त्याच्या (8500/6800) च्या दीड घाताइतका, म्हणजे सुमारे १.४० पट येतो आणि उत्तर जवळजवळ १३० मिनिटे मिळते. घाताची अदलाबदल येथे फार होते : काळाचा वर्ग आणि अंतराचा घन हे उलटे लिहिले, तर आवर्तकाल अंतरापेक्षा कमी पटीने वाढताना दिसतो. अंतर १.२५ पट झाले असता काळ त्याहून जास्त पटीने वाढला पाहिजे, एवढे पाहिले तरी चूक सापडते.

T² = a³ असे स्थिरांकाशिवाय लिहिलेले सूत्र सूर्याभोवतीच्या ग्रहांसाठी, काळ वर्षांत आणि अंतर खगोलीय एककात मोजले असतानाच चालते. पृथ्वीच्या उपग्रहाची तुलना करायची तर ती पृथ्वीच्याच दुसऱ्या उपग्रहाशी करावी. चंद्राचा आवर्तकाल २७.३ दिवस आणि अंतर ३,८४,००० किलोमीटर घेतले, तर एक दिवसाच्या आवर्तकालासाठी अंतर सुमारे ४२,३०० किलोमीटर येते. हे केंद्रापासूनचे अंतर आहे. भूस्थिर उपग्रहाची उंची विचारली असता त्यातून ६४०० वजा करून सुमारे ३६,००० लिहावे लागते आणि नेमका हाच शेवटचा टप्पा विसरला जातो.

कक्षेतून सुटण्यासाठी लागणारा वेग

आपल्या मूळच्या वर्तुळाकार कक्षेतील उपग्रहाला पृथ्वीपासून कायमचे दूर पाठवायचे असेल, तर त्याचा वेग आणखी किती वाढवावा लागेल? या प्रश्नाला ११.२ वजा ७.६७, म्हणजे ३.५३ हे उत्तर सर्रास दिले जाते. पण ११.२ हा पृष्ठभागावरून निघणाऱ्या वस्तूचा मुक्तिवेग आहे. √(2GM/r) या सूत्रातील r म्हणजे वस्तू जेथून निघते तेथपर्यंतचे केंद्रापासूनचे अंतर, आणि उपग्रह तर आधीच ६८०० किलोमीटरवर आहे. तेथील मुक्तिवेग ७.६७ च्या √2 पट, म्हणजे सेकंदाला १०.८५ किलोमीटर येतो आणि वाढ ३.१८ किलोमीटर इतकीच लागते.

हेच उत्तर ऊर्जेने काढताना स्थितिज ऊर्जा mgh घेऊ नये, कारण त्या सूत्रात g स्थिर धरलेला असतो. ती −GMm/r घ्यावी आणि तिचे ऋण चिन्ह सोडू नये. वर्तुळाकार कक्षेत गतिज ऊर्जा GMm/2r असते, म्हणून एकूण ऊर्जा −GMm/2r होते. सुटण्यासाठी ती शून्यावर आणायची, म्हणजे आहे तेवढीच गतिज ऊर्जा आणखी द्यायची. ऊर्जा दुप्पट होते म्हणून वेगही दुप्पट लिहिणे ही येथली नेहमीची चूक आहे. उपग्रहाचे वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येऊन निघून जाते, त्यामुळे जड उपग्रहाला जास्त मुक्तिवेग लागत नाही. इंधन मात्र जास्त लागते.

३.१८ हे उत्तर इंजिनाचा रेटा गतीच्याच दिशेने असेल तरच खरे आहे. रेटा पृथ्वीपासून सरळ बाहेरच्या दिशेने, म्हणजे गतीला लंब दिला, तर दोन वेग काटकोनात मिळवावे लागतात आणि त्यांची बेरीज पायथागोरसच्या प्रमेयाने होते. तेव्हा मुक्तिवेग गाठण्यासाठी वाढीव वेग पूर्ण ७.६७ किलोमीटर लागतो.