कुळागर, शेत आणि मोरड यांची समान किमतीची वाटणी: या चुका टाळा

फोंडा तालुक्यातल्या एका घरची वाटणी मी जवळून पाहिली. दोन भाऊ आणि एक बहीण. गोव्यात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच असल्याने हिस्से तीन, त्यावर वाद नव्हता. वाद होता तो जमिनीचा. झरीच्या पाण्यावरचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, ४,००० चौरस मीटर, भातशेत ६,००० आणि काजूची मोरड, म्हणजे डोंगरउताराची कोरडवाहू जमीन, ९,०००. थोरल्याने पहिल्याच बैठकीत सुचवलं, "प्रत्येक तुकड्याचे तीन भाग करूया, म्हणजे कुणाची तक्रार नको."

ही पहिली चूक. ऐकायला न्याय्य वाटते, पण असे भाग केले तर कुळागराच्या तीन चिंचोळ्या पट्ट्या होतात. नवे बांध आणि वाटा यांत जमीन जाते, आणि पाटाच्या शेवटी असलेला माणूस जन्मभर पाण्यासाठी भांडतो. तुकडे अखंड ठेवून किंमत समान करणं जास्त सोपं, फक्त त्यासाठी आधी किंमत काढावी लागते.

दुसरी चूक म्हणजे ती किंमत फॉर्म १ व १४ या जमिनीच्या सरकारी उताऱ्यावरून ठरवणं. त्यावर बागायत, तरी, खाजन, केर, मोरड असे रकाने असतात खरे, पण ती नोंद सर्व्हेच्या वेळची. त्यानंतर पाट फुटले, विहिरी आटल्या, शेतं पडीक झाली. फॉर्म बघावा तो क्षेत्र, हिस्सेदार आणि मुख्य म्हणजे कुळाचं नाव आहे का यासाठी. कुळाचं नाव लागलेलं शेत आपलंच समजून वाटणीत धरलं तर ज्याच्या वाट्याला येतं तो बुडतो.

मातीही पावसात बघू नये. ऑगस्टमध्ये सगळीच मोरड हिरवीगार दिसते. एप्रिलमध्ये प्रत्येक तुकड्यात दोन-तीन ठिकाणी खड्डा मारून चिरा, म्हणजे जांभ्याचा खडक, किती खाली लागतो ते मोजावं. एक हातावर चिरा लागला तर तिथे काजू तग धरेल, पोफळी नाही. खाडीकाठचं खाजन असेल तर मातीचा नमुना मे महिन्यात घ्यावा, कारण पावसात मीठ धुऊन जातं आणि अहवाल खोटा चांगला येतो. विद्युतवाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली तर जमीन खारी समजतात.

आता पाणी. खरा घोळ इथेच होतो. आमच्याकडे सगळे म्हणत, "झर बारमाही आहे." बारमाही म्हणजे किती? मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही झरीखाली २० लिटरची बादली धरली, ती बरोबर एका मिनिटात भरली. म्हणजे दिवसाला २८,८०० लिटर आणि पाच दिवसांच्या पाळीला १,४४,००० लिटर. कुळागरात साधारण ५५० पोफळी. एका पोफळीला एका पाळीला १७५ लिटर धरले तर ९६,००० लिटर लागतात. मातीच्या पाटात बरंच पाणी मुरतं, त्यामुळे झर जेमतेम पुरत होती. याचा अर्थ शेजारच्या मोरडीची माती कितीही चांगली असली तरी तिला "उद्याचं कुळागर" म्हणून भाव देता येत नाही. धाकटा तसाच भाव लावून बसला होता. बादलीने त्याचा हिशेब मोडला.

मग किंमत गुणांत काढली. मोरडीच्या १०० चौरस मीटरला १ गुण आणि बाकीचं त्या तुलनेत. पाच वर्षांचं सरासरी उत्पन्न घेऊन त्यातून मजुरी आणि खत वजा केलं. एकाच वर्षाचं उत्पन्न धरू नये, सुपारी गळवणाऱ्या कोळेरोगाचं वर्ष निघालं तर कुळागर फुकट ठरतं. कुळागराच्या वरच्या अर्ध्याला दर १०० चौरस मीटरला १० गुण आले. खालचा अर्धा भाग ओहोळाला लागून, दमट, सुपारी जास्त गळते, म्हणून ८. वसंत बंधाऱ्याच्या पाण्यावर पावसाळ्यानंतरचं वायंगण भात पिकतं त्या अर्ध्या शेताला ४, फक्त पावसाळी शेताला २.

बेरीज अशी झाली: कुळागर २०० आणि १६०, शेत १२० आणि ६०, मोरड ९०. एकूण ६३०, म्हणजे हिश्शाला २१०. एका हिश्शात वरचं कुळागर आणि १,००० चौरस मीटर मोरड, म्हणजे २१०. दुसऱ्यात खालचं कुळागर आणि पावसाळी शेत, म्हणजे २२०. तिसऱ्यात वायंगण शेत आणि उरलेली ८,००० चौरस मीटर मोरड, म्हणजे २००. पहिला हिस्सा ३,००० चौरस मीटरचा आणि तिसरा ११,००० चा, तरी दोघांत फरक फक्त दहा गुणांचा. क्षेत्र बघून नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना हे पचायला वेळ लागला.

दुसऱ्याचे दहा गुण जास्त, तिसऱ्याचे दहा कमी. ५०० चौरस मीटरचा तुकडा कापून देण्यापेक्षा पैसे देणं बरं, पण इथेही चूक होता होता राहिली. एक गुण म्हणजे वर्षाला ४०० रुपये निव्वळ, दहा गुणांचे ४,०००. धाकटा लगेच म्हणाला, "मग ४,००० रुपये दिले की झालं!" ते एका वर्षाचे झाले, जमीन तर कायमची जाते. वीस पट धरून ८०,००० ठरले. पट किती हे चिठ्ठ्या टाकण्याआधी ठरवावं, नंतर प्रत्येकाला आपल्या सोयीचा आकडा आठवतो.

पाटाचं काम अजून बाकी होतं. कुळागर दोघांत गेलं तेव्हा पाळी अर्धी-अर्धी, साठ-साठ तास, असं ठरत होतं. झरीवर २० लिटर असलं तरी वरच्या भागात मिनिटाला १८ लिटर पोचत होतं आणि खालच्या भागात १२. म्हणून १२० तासांतले वरच्याला ४८ आणि खालच्याला ७२ तास दिले, दोघांनाही साधारण ५१,८०० लिटर मिळतात. याआधी कुणीतरी "खाली पाणी कमी" म्हणून खालच्या भागाचे गुण ८ वरून ६ करा असं सुचवलं होतं. तास वाढवले तर गुण कमी करायचे नाहीत, नाहीतर एकाच उणिवेची भरपाई दोनदा होते. ८ हा आकडा फक्त दमट जागेचा होता.

वाटणी आधीच झाली असेल आणि खालच्या माणसाच्या पोफळी मार्चमध्येच पिवळ्या पडत असतील, तर हद्दी पुन्हा आखायला जाऊ नका. आठवडाभर दोन्ही टोकांना बादली लावा. फरक पाटातल्या गळतीचा असेल तर पाइप घातल्याने किंवा तास बदलल्याने भागतं. झरच आटली असेल तर दोघांनाही सारखंच कमी मिळायला हवं, तिथे वाटणीची चूक नाही.

हे सगळं शेतीच्या भावाने चालतं. मोरड रस्त्याला लागून असेल आणि 'प्रादेशिक आराखडा २०२१' या आराखड्यात वसाहत क्षेत्रात दाखवलेली असेल तर १ गुण हा विनोद आहे. बैठकीला बसण्याआधी नगरनियोजन खात्याकडून झोनचा दाखला काढा आणि तो तुकडा बाजारभावाने वेगळा मोजा.

कागदावर पाटाची जागा, तिची रुंदी, साफसफाईचा खर्च आणि पाळीचे तास वाटणीपत्रातच लिहा. नाहीतर खालचा माणूस वरच्याच्या मर्जीवर राहतो. गोव्यात लग्नानंतरच्या सामाईक मालमत्तेमुळे नवरा-बायको दोघांचाही हक्क असतो, म्हणून जावई आणि सुनांच्या सह्या हव्यात. या घरात बहिणीचे यजमान परदेशात होते, आणि त्यांचं मुखत्यारपत्र येईपर्यंत चिठ्ठ्या डब्यातच पडून राहिल्या.