नैराश्यावरच्या औषधाची ट्रायल वाचताना या चुका टाळा

जर्नल क्लबमध्ये बहुतेक जण ॲबस्ट्रॅक्ट वाचतात, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली दिसली की निष्कर्षाकडे वळतात. या सवयीचं काय होतं हे पाहायला ‘स्टडी ३२९’ घ्या. २००१ साली छापून आलेल्या या ट्रायलमध्ये नैराश्य असलेल्या २७५ किशोरवयीन मुलांना आठ आठवडे पॅरोक्सेटिन, इमिप्रामिन किंवा प्लासिबो दिलं होतं. पेपर म्हणतो, पॅरोक्सेटिन परिणामकारक आहे.

पहिली चूक म्हणजे प्रोटोकॉल न उघडणं. त्यात मुख्य निकष दोनच होते: नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन स्केलचा एकूण स्कोअर किती उतरला, आणि स्कोअर ८ किंवा त्याखाली आलेली अथवा निम्म्याने तरी घटलेली मुलं किती. दोन्हींत पॅरोक्सेटिन प्लासिबोपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. दुसऱ्या निकषावर आकडे होते ६६.७ विरुद्ध ५५.२ टक्के. पेपरमध्ये मात्र फक्त ‘स्कोअर ८ किंवा खाली’ हा भाग सुटा काढून रेमिशन म्हणून मांडला, तेव्हा ६३.३ विरुद्ध ४६ टक्के असा फरक दिसला आणि पी ०.०२ आली. मुलं तीच, मोजपट्टी वेगळी. म्हणून आधी रजिस्ट्रीतला निकष लिहून घ्या (भारतातल्या ट्रायल्ससाठी सीटीआरआय आहे), मगच निकालाचा तक्ता पाहा. बदलाची तारीख डेटा उघडल्यानंतरची असेल, तर तो निकाल फार तर पुढच्या ट्रायलसाठीची कल्पना समजा.

दुष्परिणामांच्या तक्त्यातली नावंही तपासा. इथे आत्महत्येचे विचार आणि स्वतःला इजा करणं ‘भावनिक अस्थिरता’ या मथळ्याखाली गेलं होतं. २०१५ मध्ये बीएमजेत मूळ नोंदींचं फेरविश्लेषण आलं, त्यात पॅरोक्सेटिन गटात अशी ११ मुलं निघाली.

‘डबल ब्लाइंड’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होणं ही आणखी एक चूक. इमिप्रामिनने तोंड कोरडं पडतं, चक्कर येते. मूल आणि स्कोअर देणारा डॉक्टर, दोघांनाही गोळी ओळखू येऊ शकते. ‘तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?’ हा प्रश्न सुरुवातीच्या आठवड्यांत विचारला होता का, ते शोधा. शेवटी विचारला तर ज्याला बरं वाटलं तो ‘औषध’च म्हणणार, त्यातून ब्लाइंडिंग फुटलं की गुण आला हे कळत नाही. साइड इफेक्टमुळे इमिप्रामिन सोडणारे ३१.५ टक्के होते, प्लासिबो सोडणारे ६.९ टक्के. अशा वेळी गळालेल्यांचा शेवटचा स्कोअर पुढे ओढला होता का, हेही बघावंच लागतं.

राहिला क्लिनिकल फरक. फेरविश्लेषणात स्कोअर पॅरोक्सेटिनवर १०.७ नी आणि प्लासिबोवर ९.१ नी उतरला. ‘दहा गुणांनी सुधारणा’ हे वाक्य खरं असलं तरी औषधाच्या वाट्याला त्यातले जेमतेम दीडच गुण येतात. १७ प्रश्नांच्या हॅमिल्टन स्केलवर झोपेचेच तीन प्रश्न मिळून ६ गुण असतात. नुसती झोप सुधारली तरी एवढा फरक पडू शकतो.