पीएफ दोन दिवस उशिरा भरला तर नेमकं किती जातं, आणि ते कसं टाळायचं

गोव्यातल्या छोट्या हॉटेलवाल्यांत, काजू फॅक्टरीवाल्यांत आणि वर्कशॉपवाल्यांत एक समज अजून पक्का आहे, की पीएफ 15 तारखेला नाही जमला तर 18-20 पर्यंत भरला तरी चालतं. पूर्वी खरंच पाच दिवसांची सवलत होती, पण ती 2016 च्या जानेवारी महिन्याच्या पगारापासून बंद झाली. तरी जुन्या अकाउंटंटच्या डोक्यात 20 तारीखच बसलेली असते आणि मालक त्याच्यावर विसंबून असतो. आता 16 तारीख उजाडली की तुम्ही डिफॉल्टमधे.

उशीर झाला की दोन वेगवेगळ्या रकमा लागतात, आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे व्याज, नोटिसमधे त्याला 7क्यू म्हणतात. हे वर्षाला 12 टक्के, सरळ व्याज, ड्यू डेटनंतर जितके दिवस उशीर तितक्या दिवसांचं. दुसरं म्हणजे डॅमेजेस, म्हणजे दंड, त्याचं कलम 14बी. व्याज भरलं म्हणून दंड माफ होत नाही, दोन्ही लागतात, आणि दोन्ही मालकाच्या खिशातून, कामगाराच्या पगारातून यातला एक पैसाही कापता येत नाही.

दंडाचा दर 14 जून 2024 ला बदलला, आणि छोट्या फर्मला हाच बदल नीट कळलेला नाही. आधी स्लॅब होते, दोन महिन्यांच्या आतला उशीर असेल तर वर्षाला 5 टक्के, मग 10, मग 15, आणि सहा महिन्यांच्या वर गेलं की 25 टक्के. आता सरसकट महिन्याला 1 टक्का, आणि महिन्याचा तुकडा असला तरी पूर्ण महिना धरायचा. पेपरात बातमी आली ती 'दंड कमी केला' अशी, आणि वर्ष वर्ष थकवणाऱ्यांसाठी ते खरं आहे, कारण 25 चे 12 झाले. पण चार दिवस इकडे तिकडे करणाऱ्या छोट्या मालकाचा दंड उलट वाढला, आणि तो किती वाढला हे आकडे मांडल्याशिवाय लक्षात येत नाही, म्हणून मांडूया.

समजा कळंगुटला एक गेस्ट हाऊस आहे, 22 जणांचा स्टाफ, हिशोब सोपा व्हावा म्हणून सगळ्यांचा पीएफचा पगार 15,000 धरू. महिन्याचा पगार झाला 3,30,000. कामगाराचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के मिळून 79,200, त्यावर विम्याचा अर्धा टक्का 1,650 आणि अ‍ॅडमिन चार्जेसचा अर्धा टक्का परत 1,650. चलन बनलं 82,500 चं, म्हणजे पगाराच्या बरोबर पाव हिस्सा. हा पाव हिस्सा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता जून 2025 चा पगार घेऊ. पाऊस सुरू, रूम रिकाम्या, हातात पैसा नाही. ड्यू डेट 15 जुलै, मालकाने भरले 17 जुलैला. दोन दिवसांचं व्याज होतं साधारण 54 रुपये. दंड मात्र पूर्ण महिन्याचा, 825 रुपये. जुन्या दराने हाच दंड 23 रुपयांच्या आसपास आला असता. म्हणजे दोन दिवसांच्या ढिलाईला पूर्वी कोणी विचारत नसे, आज तीच ढिलाई दर महिन्याला केली तर वर्षाचे दहा हजारांच्या वर नुसते दंड आणि व्याजात जातात, आणि त्याबदल्यात मिळतं काय, तर दोन दिवस पैसे बँकेत पडून राहतात.

आता त्याच मालकाने भरणा अजून पुढे ढकलला, मधे चवथ आली, स्टाफला बोनस द्यायचा, गावी जाणाऱ्यांना अ‍ॅडव्हान्स द्यायचा, आणि शेवटी 9 सप्टेंबरला पीएफ भरला. उशीर 56 दिवसांचा. व्याज 82,500 वर 12 टक्क्यांनी 56 दिवसांचं, 1,519 रुपये. दंड दोन महिन्यांचा धरायचा, कारण 15 ऑगस्टला पहिला महिना संपला आणि दुसऱ्यातले दिवस सुरू झाले, म्हणून 1,650. एकूण 3,169. यातून एक गोष्ट दिसते, की उशीर झालाच असेल तर पुढच्या 15 तारखेच्या आत भरायचं, 16 ला नाही, कारण त्या एका दिवसाने आणखी 1 टक्का वाढतो.

पैसे नव्हते हे कारण दंडाच्या सुनावणीत चालेल असं धरून बसू नका. फेब्रुवारी 2022 मधे सुप्रीम कोर्टाने साफ सांगितलं, की 14बी चा दंड लावायला मालकाची वाईट नियत सिद्ध करायची गरज नाही, उशीर झाला एवढं पुरे. आणि चलनातले जे 39,600 कामगारांच्या पगारातून कापलेले असतात ते तर तुमचे पैसेच नाहीत, ते कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, की बारा-पंधरा हजारांवर काम करणाऱ्या पोराच्या पगारस्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात एंट्री नसते.

मग करायचं काय, ते आता क्रमाने सांगतो.

पहिलं काम पैशांचं. ज्या दिवशी पगार काढता त्याच दिवशी पगाराच्या 25 टक्के रक्कम वेगळ्या करंट अकाउंटला टाकायची आणि त्या अकाउंटचं चेकबुक कोणाकडे द्यायचंच नाही. पर्यटनावर चालणाऱ्या धंद्याने एक पाऊल पुढे जावं, ऑक्टोबर ते मेच्या सीझनमधे दर महिन्याला थोडं जास्त टाकून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा पीएफ आधीच जमवून ठेवावा. आमच्या कळंगुटच्या उदाहरणात चार महिन्यांचे 3,30,000 लागतात, सीझनच्या आठ महिन्यांत वाटले तर महिन्याला 41,250. सीझनमधे हे जड जात नाही, जुलैमधे मात्र 82,500 एकदम काढणं जीवावर येतं.

दुसरं, पगार उशिरा झाला म्हणून पीएफही उशिरा चालेल असं मानू नका. महिना संपला की पंधरा दिवसांत भरणा ड्यू होतो, पगार तुम्ही 7 ला वाटा नाही तर 20 ला वाटा. हजेरी आणि ओव्हरटाइमचा घोळ मिटेपर्यंत थांबणारे बरेच जण इथेच अडकतात. हजेरी 3 तारखेला बंद करायची, काही फरक राहिला तर तो पुढच्या महिन्याच्या पगारात घ्यायचा.

तिसरं, ईसीआर, म्हणजे कोणाचा किती पगार आणि किती पीएफ याची पोर्टलवर चढवायची महिन्याची फाइल, 7 तारखेच्या आत अपलोड करायचा. हे मी परत परत सांगतो कारण 14 तारखेच्या रात्री फाइल चढवायला घेतली आणि एका कामगाराच्या यूएएनवर एरर आला की सगळं लटकतं. आणि एरर येतो कुठे, तर नवीन लागलेल्या माणसाच्या आधारवरचं नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही तिथे. आपल्याकडे किचनला आणि हाऊसकीपिंगला बाहेरच्या राज्यांतली मुलं येतात, आधारवर नाव एक, आधीच्या मालकाने पीएफमधे टाकलेलं स्पेलिंग दुसरं. म्हणून जॉइन होण्याच्या दिवशीच यूएएन आणि आधार जुळवून घ्या, महिन्याच्या शेवटी नाही. तरीही एखाद्याचं अडलंच तर त्याच्यासाठी 21 जणांचा भरणा थांबवू नका, बाकीच्यांचा ईसीआर वेळेत भरा आणि त्याचा नंतर सप्लिमेंटरी करा. उशीर होईल तो फक्त एकाच्या रकमेवर, 3,750 वर, म्हणजे महिन्याचा दंड साडेसदतीस रुपये, 825 नाही.

चौथं, पैसे 10 तारखेला भरायचे, फार तर 12. चलन जनरेट झालं म्हणजे भरणा झाला नाही, हे ऑफिसमधल्या नव्या पोरांना समजावून सांगा. चलनावर टीआरआरएन नंबर असतो, नेटबँकिंगने पैसे गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोर्टलवर तो टाकून स्टेटस बघायचं. अकाउंटमधून पैसे कटले पण पोर्टलवर भरणा दिसत नाही, किंवा बँकेत एकाने टाकलेलं पेमेंट दुसऱ्या पार्टनरने अप्रूव्हच केलं नाही आणि तो मुंबईला गेलाय, अशा भानगडी 10 तारखेला निस्तरता येतात, 15 ला रात्री नाही. जुलैच्या पगाराची ड्यू डेट 15 ऑगस्ट असते, दरवर्षी सुट्टी, तेव्हा सुट्टी आहे म्हणून 16 ला भरू असं अजिबात धरून चालू नका.

एवढं करूनही कधी उशीर झाला तर लपवाछपवी नको. आधी मूळ रक्कम भरून टाका म्हणजे मीटर थांबतं, मग व्याज आणि दंडाचा हिशोब स्वतः करून वहीत तरतूद दाखवा. सीएला तारीखही कळवा, कारण कामगाराचा हिस्सा उशिरा भरला तर तो इन्कम टॅक्समधे खर्च म्हणून धरता येत नाही असा निकाल सुप्रीम कोर्टाने 12 ऑक्टोबर 2022 ला दिला होता, आणि ज्या वर्षाचा हिशोब चालू आहे त्या वर्षाला काय लागू होतं ते त्यांनीच बघायचं.

पीएफ ऑफिसची नोटिस लगेच येईलच असं नाही. 14बी ची कारवाई सुरू करायला कायद्यात मुदत घातलेली नाही, त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वीच्या महिन्यांचा तक्ता एकदम हातात पडतो, आणि तोपर्यंत जुना अकाउंटंट सोडून गेलेला असतो. तक्ता आला की घाबरून पूर्ण रक्कम भरू नका आणि दुर्लक्षही करू नका, एकेक ओळ तपासा. पगाराचा महिना बरोबर आहे का, ड्यू डेट बरोबर आहे का, भरणा झाल्याची तारीख बँक स्टेटमेंटशी जुळते का. डिसेंबर 2015 पर्यंतच्या पगाराची ओळ असेल तर पाच दिवसांची सवलत धरलीय का. जून 2024 च्या आधीच्या उशिराला जुने स्लॅब लावलेत की नवा 1 टक्का. आणि सप्लिमेंटरीने भरलेल्या एका माणसाच्या रकमेमुळे पूर्ण चलनच उशिराचं म्हणून तर धरलं नाही ना. जिथे फरक दिसेल तिथे चलन आणि बँक स्टेटमेंटची कॉपी लावून सुनावणीच्या तारखेला लेखी उत्तर द्या, आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून आलात तर ऑर्डर तक्त्याप्रमाणेच निघते. म्हणून प्रत्येक महिन्याची ईसीआर, चलन, पेमेंटची पावती आणि बँक स्टेटमेंटचं ते पान एकाच फोल्डरमधे, पगाराच्या महिन्याच्या नावाने, ठेवत जा, एक कॉपी ऑफिसमधे आणि एक मालकाच्या स्वतःच्या मेलवर.