प्रवचनकारांचा परिचय वाचण्यापूर्वी

सप्ताहाच्या पत्रिकेवरून परिचय लिहायला बसू नका. पत्रिका गर्दी जमवण्यासाठी छापलेली असते. तिच्यातलं वाणीभूषण, भागवताचार्य, रामायणाचार्य यांपैकी काय कोणी दिलं आणि काय छापखान्यात चिकटलं, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसतं. मीही एकदा शेजारच्या गावच्या पत्रिकेवरून 'विद्यावाचस्पती' उचललं होतं. महाराज व्यासपीठावर बसले आणि मंगलाचरणाआधी शांतपणे म्हणाले, "प्रबंध अजून लिहून व्हायचाय." मंडप हसला. मी मात्र तासभर मान खाली घालून बसलो.

म्हणून चार दिवस आधी फोन, आणि तोही महाराजांनाच, त्यांच्याबरोबर येणाऱ्या मंडळींना नाही. मंडळी फार उत्साही असतात. नाव कसं लिहायचं आणि कसं उच्चारायचं ते विचारा. आडनाव लावायचं की नुसतं नाव आणि 'महाराज', हेही विचारा, कारण काहींना 'महाराज' म्हटलेलं आवडत नाही. ते शिक्षक असतील तर 'सर' त्यांना जवळचं वाटतं. शिक्षणाबद्दल विचारताना नेमकं विचारा. 'आळंदीला शिकले' या दोन शब्दांत बरंच काही दडतं. विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतला चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणं वेगळं, दुसऱ्या एखाद्या संस्थेत राहून शिकणं वेगळं आणि सुट्टीतल्या शिबिराला जाऊन येणं वेगळं. तिन्ही चांगलंच आहे, पण जे असेल तेच लिहा. पदवी असेल तर विषय आणि विद्यापीठ विचारा. मानद असेल तर 'मानद' हा शब्द गाळू नका. 'हजारो प्रवचने' लिहायचा मोह होतो. त्याऐवजी कोणत्या सालापासून करतात ते विचारा, कारण साल त्यांना आठवतं, आकडा कोणी मोजलेला नसतो.

आणखी एक गोष्ट पक्की करा: प्रवचन आहे की कीर्तन? कीर्तनकार उभे राहतात, मागे टाळकरी असतात, मृदंग असतो आणि निरूपणाला अभंग असतो. प्रवचनकार बसून एखादी ओवी किंवा श्लोक उलगडतात. परिचयात 'कीर्तनसेवा' म्हणालात, तर लोक पखवाज शोधत बसतील.

गेल्या वर्षी आमच्याकडे विषय होता ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातलं अमानित्व. गंमत अशी की तिथे माउली ज्या माणसाचं वर्णन करतात, त्याच्या अंगी असलेलेच गुण कोणी वाखाणले, तरी तो पारध्याने कोंडलेल्या हरणासारखा कासावीस होतो. अशा प्रवचनाआधी दहा मिनिटं स्तुती करायची म्हणजे पाहुण्यांची पंचाईत. त्या दिवशी वाचलेला परिचय साधारण असा होता:

"आजचे प्रवचनकार मूळचे पैठण तालुक्यातले. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला आहे. सध्या ते माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवतात आणि दर एकादशीला त्यांच्या गावच्या मंदिरात ज्ञानेश्वरीवर बोलतात. आपल्या गावी ते प्रथमच आले आहेत. आजचा विषय आहे तेराव्या अध्यायातलं अमानित्व. हरिभक्तपरायण..." आणि मग नाव.

बस्स, एवढंच. सावकाश वाचलं तरी मिनिटाच्या आत होतं. नाव मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते उच्चारलं की लोकांची नजर आपोआप व्यासपीठाकडे वळते. विषय सांगितला, पण अमानित्व म्हणजे काय ते सांगितलं नाही, ते सांगायलाच तर त्यांना बोलावलं होतं. 'ह.भ.प.' कागदावर ठीक, वाचताना पूर्ण शब्द म्हणावा. 'त्यांना परिचयाची गरजच नाही' हे वाक्य सापडलं की खोडा. गरज नसेल तर आपण माइकपाशी कशाला उभे आहोत?

मसुदा त्यांना आदल्या दिवशी फोनवरच वाचून दाखवा. पैठणच्या महाराजांनी एकच दुरुस्ती केली: मी 'संस्कृतचे अभ्यासक' लिहिलं होतं, त्यांनी 'शाळेत शिकवतो' एवढंच ठेवायला सांगितलं. नंतर कागदावर मोठ्या अक्षरात उतरवा, मंडपातल्या पिवळ्या दिव्यात मोबाइलचा पडदा दिसेलच असं नाही. वाचायच्या आधी शाल-श्रीफळ उरकून घ्या, म्हणजे नावानंतर लगेच प्रवचन सुरू होईल. देणगीदारांची नावं परिचयात मिसळू नका, ती आरतीनंतर. आणि खाली उतरण्यापूर्वी माइकचा दांडा खाली करून ठेवा. तुम्ही उभं राहून वाचलंत, महाराज बसून बोलणार आहेत.