ऑल्वेज, सेल्डम, नेव्हर वाक्यात कुठे ठेवायचे? या चुका टाळा

वह्या तपासताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा समोर येतं: ‘शी ऑल्वेज इज लेट’. लिहिणाऱ्याला विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "ऑल्वेज क्रियापदाच्या आधी येतं ना?" हा अर्धा नियम कुणीतरी घाईत शिकवलेला असतो आणि शिकणाऱ्यालाही तेवढाच हवा असतो, कारण तो एका ओळीत मावतो. त्यात मराठीत आपण ‘नेहमी’ बहुधा कर्त्यामागोमाग ठेवतो, ‘ती नेहमी उशिरा येते’. तीच सवय इंग्रजीत उतरते. ‘शी ऑल्वेज कम्स लेट’ योगायोगाने बरोबर ठरतं, त्यामुळे चूक बरेच दिवस लपून राहते. ‘इज’, ‘हॅज’, ‘कॅन’ आले की ती उघडी पडते.

मी विद्यार्थ्यांकडून पाठांतर करून घेत नाही. वाक्याचा प्रश्न करायला लावते. ‘शी इज लेट’चा प्रश्न ‘इज शी लेट?’ म्हणजे ‘इज’ उडी मारून पुढे आला. जो शब्द असा पुढे येतो, त्याच्या लगेच मागे ऑल्वेज: ‘शी इज ऑल्वेज लेट’. ‘ही हॅज बीन टोल्ड’चा प्रश्न ‘हॅज ही बीन टोल्ड?’ इथे साहाय्यक क्रियापदं दोन आहेत, पण उडी एकट्या ‘हॅज’ने मारली. म्हणून ‘ही हॅज नेव्हर बीन टोल्ड’. ‘ही हॅज बीन नेव्हर टोल्ड’ नाही.

प्रश्न करताना बाहेरून ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ आणावं लागलं, तर मूळ वाक्यात साहाय्यक क्रियापद नव्हतंच. मग शब्द सरळ मुख्य क्रियापदाच्या आधी बसवा. ‘हॅव’चा घोळही इथेच सुटतो. ‘आय हॅव सीन इट’चा प्रश्न ‘हॅव यू सीन इट?’, म्हणून ‘आय हॅव ऑफन सीन इट’. पण ‘आय हॅव अ हेडेक’चा प्रश्न ‘डू यू हॅव अ हेडेक?’, म्हणून ‘आय ऑफन हॅव अ हेडेक’. ‘हॅव टू’ दुसऱ्या गटातलं: ‘आय ऑल्वेज हॅव टू वेट’. मी पेन्सिलीने उडी मारणाऱ्या शब्दाखाली रेघ मारायला सांगते. उतावळी मुलं ही पायरी गाळतात आणि नेमकी ‘हॅव’वरच अडखळतात.

दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण तिच्यात व्याकरण शुद्ध असतं आणि अर्थ बदललेला असतो. माझी एक विद्यार्थिनी माल पुरवणाऱ्यांना तक्रारीची पत्रं लिहायची. मराठीत तिच्या मनात होतं, ‘पार्सलं नेहमी वेळेवर येत नाहीत’, म्हणजे दर वेळी उशीरच. तिने लिहिलं, ‘द पार्सल्स डू नॉट ऑल्वेज अराइव्ह ऑन टाइम’. समोरून नम्र उत्तर आलं की अधूनमधून उशीर होतो, त्याबद्दल क्षमस्व. ती संतापली, पण त्यांनी वाचलं ते बरोबरच होतं. इंग्रजीत ‘नॉट ऑल्वेज’चा अर्थ ‘दर वेळी नाही, काही वेळा हो’ एवढाच होतो. मराठी वाक्यातून दोन्ही अर्थ निघू शकतात. पुढच्या पत्रात आम्ही ‘द पार्सल्स आर ऑल्वेज लेट’ असं लिहिलं. ‘द पार्सल्स नेव्हर अराइव्ह ऑन टाइम’ही चाललं असतं. ‘ऑल्वेज डू नॉट अराइव्ह’ मात्र कुणी सहसा म्हणत नाही. म्हणून ‘नॉट’ आणि ‘ऑल्वेज’ एकाच वाक्यात आले की मी थांबून विचारते: एकदा तरी वेळेवर आलं का? ‘हो’ असेल तर ‘नॉट ऑल्वेज’, नाहीतर ‘नेव्हर’. ‘युज्वली’ आणि ‘समटाइम्स’ यांना ही अडचण नाही. ‘आय युज्वली डोन्ट’, ‘आय समटाइम्स डोन्ट’ सर्रास चालतं.

‘आय डोन्ट नेव्हर गो’ लिहू नका. मराठीत ‘कधीच’ला ‘नाही’ लागतं, पण ‘नेव्हर’मध्ये नकार आधीच आहे. ‘सेल्डम’लाही हेच लागू.

‘शी ड्रिंक्स ऑल्वेज टी’ चूक. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये हा शब्द घुसवायचा नाही.

‘समटाइम्स’ आणि ‘युज्वली’ वाक्याच्या सुरुवातीला खुशाल ठेवा. ‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ तिथे आज्ञेत शोभतात, जसं ‘नेव्हर टच धिस वायर’. एरवी ‘नेव्हर’ किंवा ‘सेल्डम’ पुढे आणलं की पुढची रचना प्रश्नासारखी उलटते: ‘सेल्डम डज ही कम’. भाषणात भारदस्त वाटावं म्हणून नवशिके ‘सेल्डम ही कम्स’ ठोकून देतात. साधं ‘ही सेल्डम कम्स’ म्हणा.

एक अपवाद मात्र माहीत असू द्या. आखूड उत्तरात साहाय्यक शब्दावरच वाक्य संपतं, तेव्हा ऑल्वेज त्याच्या आधी जातं. ‘आर यू ऑन टाइम?’ याचं उत्तर ‘येस, आय ऑल्वेज अ‍ॅम’. ‘येस, आय अ‍ॅम ऑल्वेज’ नाही.